फक्त इंडक्शन आणि केटलवर महिनाभराचं जेवण: एक भांडं, एक प्रमाण आणि उरलं-सुरलं न ठेवण्याचा हिशेब

प्रश्न: "हॉस्टेलच्या खोलीत माझ्याकडे फक्त इंडक्शन शेगडी आणि इलेक्ट्रिक केटल आहे. फ्रिज नाही, मिक्सर नाही. फार तर एखादं भांडं विकत घेऊ शकेन. नूडल्स खाऊन कंटाळा आलाय आणि बाहेर खाणं परवडत नाही. महिनाभर कमी पैशात दोन्ही वेळचं नीट जेवण कसं जमवायचं?"

खरी अडचण शेगडीची नाही, फ्रिज नसण्याची आहे. इंडक्शनवर जवळपास सगळं शिजतं. पण शिजवलेलं ठेवायला जागा नसली की दर वेळी एका माणसापुरतं आणि एका जेवणापुरतंच शिजवावं लागतं. ते काम कंटाळवाणं वाटलं, तर चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस परत बाहेर जेवायला जातो आणि तिथेच महिन्याचं गणित मोडतं. म्हणून पदार्थांची लांबलचक यादी देण्यापेक्षा एकच भांड्यातलं जेवण नीट सांगतो. त्याचं प्रमाण हातात बसलं की डाळ, भाजी आणि फोडणी बदलून महिना निघतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हॉस्टेलमध्ये इंडक्शनला परवानगी आहे का, खोलीतला सॉकेट किती भार सोसतो, तुम्ही अंडी खाता का आणि तुमची भूक किती आहे, हे तुम्हालाच ठाऊक. भाव जागोजागी वेगळे असतात, म्हणून हिशेब पैशांत न मांडता वजनात मांडतो. त्यात आपल्या बाजारातले भाव घातले की महिन्याचा खर्च समोर येईल.

आधी सॉकेटचं बघू. त्यावर किंवा प्लगवर अँपिअरचा आकडा लिहिलेला असतो. त्याला व्होल्टेजने गुणलं की किती वॅट चालतील ते कळतं. 230 व्होल्टला 6 अँपिअरचा सॉकेट साधारण 1380 वॅट सोसतो आणि 16 अँपिअरचा साधारण 3680. इंडक्शन पूर्ण ताकदीवर 1800 ते 2000 वॅट खेचतं, केटल बहुधा 1500. म्हणजे लहान सॉकेटवर यातलं एकही लावायचं नाही. मोठ्या सॉकेटवर दोन्ही एकदम लावली तरी भार मर्यादेच्या अगदी काठावर जातो. आधी केटल, ती बंद झाली की इंडक्शन, हा क्रम कायमचा ठेवा. पातळ वायरचं एक्स्टेन्शन वापरू नका. जेवण शिजून झाल्यावर प्लगला हात लावून बघा. तो चटका बसण्याइतका गरम लागला, तर आतला जोड सैल आहे किंवा भार जास्त आहे. दुरुस्त होईपर्यंत तो सॉकेट वापरायचा नाही.

आता भांडं. दुकानात जाताना चुंबक घेऊन जा. तो बुडाला घट्ट चिकटला तरच ते भांडं इंडक्शनवर चालेल. साधं ॲल्युमिनियम चालत नाही आणि स्टीलची बरीच पातेलीही चालत नाहीत. बूड सपाट आणि जाड हवं, झाकण घट्ट बसणारं हवं आणि मापाने ते दोन लिटरच्या आसपास हवं. एकट्याला दोन लिटर जास्त वाटेल, पण डाळीला फेस येतो आणि भांडं अर्ध्याच्या वर भरलं की तो उतू जातो. उतू गेलेलं पाणी काचेवरच्या टच बटणांवर आलं की शेगडी टीं-टीं करत बंद पडते. थोडे जास्त पैसे घालता आले, तर इंडक्शनवर चालणारा दोन किंवा तीन लिटरचा कुकर घ्या, कारण तो शिटी न लावता पातेलं म्हणूनही वापरता येतो. पण पुढे जे सांगतो आहे ते साध्या झाकणाच्या पातेल्यात होतं.

केटलमध्ये खिचडी, नूडल्स किंवा दूध करू नका. केटल आपोआप बंद होते ती वाफेमुळे. पाणी उकळलं की वाफ स्विचजवळच्या धातूच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टी वाकते आणि स्विच पडतो. डाळ-तांदळाचा फेस त्याच वाटेने वर चढतो आणि स्विचपाशी जाऊन चिकटतो. खाली स्टार्च तापलेल्या बुडाला धरतो, जळतो आणि तो थर खरवडून निघत नाही. त्यानंतर केटल कधी वेळेआधी बंद पडते, तर कधी बंदच होत नाही. ती फक्त पाण्यासाठी ठेवा. त्यातही तिचा मोठा उपयोग आहे. लिटरभर पाणी चार मिनिटांच्या आसपास उकळतं, आणि पातेल्यात उकळतं पाणी घातलं की भांड्यातला वेळ वाचतो आणि बूड लागण्याची भीतीही कमी होते.

डाळ कोणती घ्यायची, हा पुढचा प्रश्न. उघड्या पातेल्यात सोललेली मसूर डाळ 12 ते 15 मिनिटांत मऊ होते आणि मूग डाळ 15 ते 20 मिनिटांत. तांदळालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणूनच या दोन डाळी तांदळाबरोबर एकाच भांड्यात, एकाच वेळी पडू शकतात. तूर आणि हरभरा डाळ कुकरशिवाय पाऊण तास खातात. तोवर तांदळाचा चिखल होतो आणि वीज जाते ती वेगळीच. राजम्याला तर कुकर असल्याशिवाय हात लावू नका. त्यात एक विषारी द्रव्य असतं. ते नष्ट करायला राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळावा लागतो. अर्धाकच्चा किंवा मंद आचेवर नुसता कोमट शिजलेला राजमा खाल्ला, तर काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. केटलच्या पाण्यात झाकून ठेवून तो खाण्याजोगा होत नाही.

आता एका जेवणाचं प्रमाण. तांदूळ 120 ग्रॅम, डाळ 50 ग्रॅम, भाजी 150 ग्रॅम, तेल 10 ग्रॅम म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे. वजनकाटा नसेल, तर 150 मिलिलिटर पाणी मावणारी एक वाटी शोधून ठेवा. ती सपाट भरून तांदूळ, अर्ध्याहून जरा कमी डाळ आणि चार वाट्या पाणी. एवढंच लक्षात ठेवायचं. यातून मऊसर, चमच्याने खाण्यासारखी खिचडी होते. मोकळी हवी असेल तर तीन वाट्या पाणी, पातळ हवी असेल तर पाच.

करायची रीत अशी. डाळ-तांदूळ एकत्र धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. अभ्यासाला बसतानाच भिजवले की हा वेळ वेगळा काढावा लागत नाही. मग केटलमध्ये चार वाट्या पाणी उकळून घ्या. केटल बंद झाली की पातेलं शेगडीवर ठेवा आणि ताकद 800 वॅटच्या आसपास ठेवा, त्याहून जास्त नको. इंडक्शनवर रिकामं भांडं काही सेकंदांत तापतं आणि तेल धूर सोडायला लागतं. म्हणून तेल आधी घाला, शेगडी नंतर सुरू करा आणि जिरे, लसूण, हळद, तिखट हाताशी काढून ठेवा. जिरे तडतडले की कांदा, दोन मिनिटांनी भाजी, मग निथळलेले डाळ-तांदूळ, मीठ आणि उकळतं पाणी घाला. गाजर-बटाटा बोटाच्या पेराहून लहान चिरा, नाहीतर भात होतो आणि बटाटा कच्चा राहतो. टोमॅटो किंवा कसलंही आंबट या टप्प्यावर घालू नका, कारण आंबटपणाने डाळ लवकर मऊ होत नाही. ते शेवटच्या पाच मिनिटांत घालायचं.

पाण्याला जोरात उकळी आली की तळापासून एकदा ढवळा, झाकण थोडं तिरकं ठेवा आणि ताकद 300-400 वॅटवर आणा. सात-आठ मिनिटांनी परत एकदा ढवळा. एकूण 12-13 मिनिटं झाली की शेगडी बंद करा, झाकण घट्ट लावा आणि पातेलं शेगडीवरून उतरवून जाड टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. ही शेवटची दहा मिनिटं वगळू नका. उरलेलं शिजणं याच वेळात आपल्याच वाफेवर होतं आणि तळाला धरलेला थरही सुटतो. टॉवेल भांड्यालाच गुंडाळा, शेगडीवर टाकू नका. शेगडीचा पंखा बंद केल्यानंतरही थोडा वेळ फिरतो, तो थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. आणि शेगडी गादीवर ठेवून वापरायची नाही, कारण हवा खालून आत जाते.

बूड लागतं ते का, हे समजून घ्या, कारण बरेच लोक याच कारणाने स्वयंपाक सोडतात. स्वस्त इंडक्शनमध्ये 300 वॅट लावलं, म्हणजे सतत 300 वॅट मिळतात असं नाही. शेगडी काही सेकंद जोरात चालते, मग थांबते, मग पुन्हा जोरात चालते. कान दिला तर तो आवाज ऐकू येतो आणि पाणीही उकळतं-थांबतं-उकळतं असं दिसतं. पातळ बुडाच्या भांड्यात त्या जोराच्या क्षणी तळ जळतो. त्यातून उष्णता येते ती आतल्या कॉइलच्या वर, म्हणून मधोमध गोल कड्यासारखा तपकिरी डाग पडतो. असा गोल डाग दिसला, तर चूक आचेची आहे, पाण्याची नाही. पाणी वाढवत बसू नका. ताकद कमी करण्याऐवजी वेळ कमी करा. मध्यम ताकदीवर आठ-नऊ मिनिटं शिजवा आणि टॉवेलात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. डाग सगळ्या तळावर सारखा असेल, तर मात्र पाणी कमी पडलं आहे.

आता पोट भरतं का, ते बघू. वरचं एक जेवण साधारण 700 किलोकॅलरी आणि 22 ग्रॅम प्रथिनं देतं. दोन वेळचं मिळून 1400 किलोकॅलरी आणि 44 ग्रॅम. सकाळी 60 ग्रॅम ओट्स वाटीत घेऊन त्यावर केटलचं उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि एखादं फळ घालायचं. त्याचे जवळपास 500 किलोकॅलरी आणि 16 ग्रॅम प्रथिनं. ओट्स महाग पडत असतील, तर कोरडा भाजून ठेवलेला रवा घ्या. मात्र तो पातेल्यात तीन-चार मिनिटं शिजवावा लागतो. वर दोन अंडी धरली, तर 140 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं अजून. सगळं मिळून दिवसाचे 2000 किलोकॅलरी आणि 70 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. बसून अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना हे पुरतं. रोज खेळत असाल तर पुरणार नाही.

अंड्यासाठी वेगळं भांडं लावायची गरज नाही. खिचडी बंद करण्याच्या पाच-सहा मिनिटं आधी चमच्याने मध्ये खळगा करा, अंडं फोडून घाला आणि झाकण लावा. पिवळं घट्ट झालं की झालं. अंडी खात नसाल, तर दोन अंड्यांइतकी प्रथिनं साधारण 45 ग्रॅम दूध पावडरमधून मिळतात आणि पावडरला फ्रिज लागत नाही. दोन्हीतलं काहीतरी रोज असू द्या. डाळ, तांदूळ, ओट्स, भाज्या यांत बी-12 जीवनसत्त्व नसतं. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतूनच येतं.

काय स्वस्त पडेल, ते ठरवायला किलोचा भाव बघू नका. 20 ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात, ते बघा. तेवढी प्रथिनं साधारण 85 ग्रॅम डाळीत, 80 ग्रॅम शेंगदाण्यांत, तीन अंड्यांहून थोड्या जास्तीत, 600 मिलिलिटर दुधात किंवा 150 ग्रॅम ओट्समध्ये असतात. या पाचांचे आपल्याकडचे भाव एका कागदावर लिहा. जे स्वस्त निघेल त्यावर भर द्या, जे महाग निघेल ते आठवड्यातून एक-दोनदा. डाळ आणि शेंगदाणे बहुधा वरच राहतील.

वरच्या प्रमाणाने तीस दिवसांना तांदूळ 7 किलो 200 ग्रॅम, डाळ 3 किलो, ओट्स 1 किलो 800 ग्रॅम, शेंगदाणे 900 ग्रॅम, तेल पाऊण लिटरच्या आत, अंडी 60 आणि भाजी 9 किलो लागते. मीठ-मसाला किरकोळ. विजेचा हिशेबही अवघड नाही. एका जेवणाला केटल आणि शेगडी मिळून साधारण 0.3 युनिट जातं. सकाळचं पाणी-चहा धरून महिन्याला 20 युनिटच्या आसपास.

हे सगळं मात्र एकदम विकत घेऊ नका. दमट हवेत तांदूळ-डाळीला पंधरा-वीस दिवसांत किडे होऊ शकतात आणि खोलीत ते दाबून बसवायला जागाही नसते. पंधरा दिवसांचं आणा, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा आणि ओला चमचा घालू नका. शेंगदाण्यांना बुरशी दिसली, ते कडू किंवा खवट लागले, तर ते टाकून द्यायचे. निवडून उरलेले खाणं धोक्याचं आहे, कारण बुरशीचं विष भाजूनही जात नाही.

भाजी तीन-तीन दिवसांची घ्या आणि वापरताना क्रम पाळा. पहिल्या दिवशी पालेभाजी, दुसऱ्या दिवशी टोमॅटो, वांगी वगैरे, तिसऱ्या दिवशी कोबी किंवा गाजर. कांदे-बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी प्लॅस्टिकच्या पिशवीबाहेर ठेवले की दोन आठवडे सहज टिकतात. कोबी लहान घ्या, कारण एकदा कापला की दोन दिवसांत संपवावा लागतो. स्वस्त आहे म्हणून दोन किलो भाजी उचलली आणि निम्मी सडली, तर ती दुप्पट भावाने घेतल्यासारखंच आहे.

शिजलेल्या भाताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सकाळी एकदाच जास्त करून रात्री गरम करून खायचा मोह सगळ्यांना होतो. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळल्यावरही जिवंत राहतात. भात खोलीच्या तापमानाला तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. वास-चव बिघडलेली नसते, म्हणून कळतही नाही. दोन तासांच्या आत संपेल एवढाच भात करा. एका वेळी साधारण अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यातली वीसेक मिनिटं भांडं एकटं शिजतं.

तोचतोपणा हा उरलेला प्रश्न. प्रमाण तेच ठेवून तीन गोष्टी बदला. एक दिवस मसूर, लसूण आणि टोमॅटो. दुसऱ्या दिवशी मूग, आलं, मिरी आणि गाजर. तिसऱ्या दिवशी डाळ आणि भात वेगवेगळे: आधी भात मोकळा शिजवून ताटात काढून झाकून ठेवा, मग त्याच पातेल्यात डाळ पातळ करून कांद्याची फोडणी द्या. चौथ्या दिवशी मोड आलेले मूग. ते रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड दिसतील. मोड आलेले कच्चे खाऊ नका, दहा मिनिटं वाफवून घ्या. ज्या ओलाव्यात मोड येतात त्यातच जंतूही वाढतात.

पहिले चार दिवस फक्त प्रमाण तपासा. जेवल्यावर तीन तासांत पुन्हा भूक लागत असेल तर तांदूळ वाढवू नका. डाळ 50 वरून 70 ग्रॅमवर न्या आणि पाणी अर्धी वाटी वाढवा. रात्री उशिरा भूक लागत असेल तर शेंगदाण्यांतले 30 ग्रॅम सकाळी न खाता रात्रीसाठी ठेवा. आणि ताटात भात उरतोय असं दिसलं तर वाटी काठापर्यंत न भरता बोटभर कमी भरा, पाणीही त्याच हिशेबाने कमी करा.